११८ टक्के एफिशियन्सी आणि मेल्ट कर्व्हमधला तो लहान उंचवटा

प्रश्न: हरभऱ्याच्या पानांतल्या एका जनुकासाठी नवे प्रायमर मागवले. पाण्याच्या ताणात त्याची अभिव्यक्ती किती वाढते ते बघायचं आहे. सीडीएनए दहा-दहापट पातळ करत पाच पायऱ्या क्यूपीसीआरमध्ये सायबर ग्रीनवर चालवल्या. सीक्यू, म्हणजे सिग्नल उंबरठा ओलांडतो ते चक्र, आले १९.९, २२.६, २५.९, २९.२ आणि ३१.४. एनटीसीत, म्हणजे साचा न घातलेल्या वेलमध्ये, ३२.६. स्लोप −२.९६, आर-स्क्वेअर ०.९९६, एफिशियन्सी ११८ टक्के. मेल्ट कर्व्हला ८४ अंशांवर शिखर आहे, पण शेवटच्या पायरीत ७६ च्या आसपास अजून एक लहान उंचवटा दिसतो. आर-स्क्वेअर चांगला आहे, मग हीच एफिशियन्सी धरून पुढचं गणित करू का?

उत्तर:

नका धरू. ११८ टक्के हा आकडा तुमच्या प्रायमरबद्दल काही सांगतच नाही. तुमच्या पाच बिंदूंपैकी पहिला आणि शेवटचा असे दोन बिंदू जागचे हललेले आहेत, दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी, आणि दोघांनी मिळून रेषा चपटी केली आहे. मधले तीन बिंदू पाहिले तर प्रायमर बहुधा ठीक आहेत, फक्त त्यांना एकमेकांना धरून डायमर करण्याची खोड आहे. हे सगळं तुम्ही दिलेल्या आकड्यांतच दिसतं, म्हणून तेच आकडे घेऊन बोलते.

आधी गणित एकदा तपासू. एक्सेलमध्ये A स्तंभात पातळपणाचा लॉग (0, -1, -2, -3, -4) आणि B मध्ये सीक्यू घातले की:

```
D2: =SLOPE(B2:B6,A2:A6)     -> -2.96
D3: =RSQ(B2:B6,A2:A6)       -> 0.996
D4: =10^(-1/D2)-1           -> 1.18
```

म्हणजे गणित तुम्ही बरोबर केलं आहे. पण या सूत्राचा अर्थ काय? एका चक्रात एका रेणूचे जास्तीत जास्त दोन होतात, त्याहून जास्त होऊच शकत नाहीत. शंभर टक्के म्हणजे नेमकं दुप्पट. दहापट पातळ नमुन्याला तेवढ्याच पातळीवर पोचायला दुपटीची ३.३२ चक्रं जास्त लागतात, म्हणून आदर्श स्लोप −३.३२. साधारण ९० ते ११० टक्के, म्हणजे −३.५८ ते −३.१० हा स्लोप चालवून घेतात. शंभराच्या वरचे ते दहा टक्के पिपेटिंगच्या चुकीसाठी सोडलेली जागा आहे. ११८ आलं, म्हणजे रेणूंनी दुपटीपेक्षा जास्त वाढ केली असं नव्हे. पायऱ्यांमधलं अंतर कुठेतरी कमी भरलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ते कुठे कमी भरलं, हे स्लोप सांगत नाही. म्हणून मी स्लोप काढायच्या आधी लागोपाठच्या सीक्यूंमधले फरक वहीत लिहून काढते. तुमचे फरक असे आहेत:

```
1:1      -> 1:10      2.7
1:10     -> 1:100     3.3
1:100    -> 1:1000    3.3
1:1000   -> 1:10000   2.2
```

मधले दोन फरक अगदी हवे तसे आहेत, दोन्ही टोकांचे मात्र तुटके. फक्त मधल्या तीन बिंदूंवर स्लोप काढला तर −३.३० येतो, म्हणजे एफिशियन्सी १०१ टक्के. हा आकडा लगेच प्रबंधात घालू नका, कारण तीन बिंदूंवर आणि शंभरपटीच्याच पल्ल्यावर काढलेली एफिशियन्सी फार कच्ची असते. पण आजार कुठे आहे ते यातून कळतं.

मग आर-स्क्वेअरने हे का दाखवलं नाही? सीक्यू १९.९ पासून ३१.४ पर्यंत पसरले आहेत, म्हणजे साडेअकरा चक्रांचा पल्ला. एवढ्या मोठ्या चढावर अर्ध्या चक्राची चूक म्हणजे डोंगराच्या चित्रातला खडा. तुमच्या रेषेपासून १:१००० चा बिंदू ०.४४ ने वर आहे आणि १:१०००० चा ०.३२ ने खाली, तरी आर-स्क्वेअर ०.९९६ येतोच. बिंदू साधारण एका रेषेत आहेत की नाहीत, एवढंच तो सांगतो. ती रेषा बरोबर आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही.

आता वरचं टोक. पातळ न केलेल्या सीडीएनएचा सीक्यू मधल्या बिंदूंच्या हिशोबाने १९.३ यायला हवा होता, आला १९.९. म्हणजे प्रतिक्रिया अर्ध्या चक्राहून जास्त उशिरा वर आली. हे अवरोधाचं लक्षण आहे. सीडीएनएच्या नळीत नुसता सीडीएनए नसतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज असतं, त्याचा बफर, क्षार आणि डीटीटी असतात, आणि हरभऱ्याच्या पानातून आरएनए काढला असेल तर पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइडही थोडेफार बरोबर येतात. हे सगळं पॉलिमरेजला आडवं येतं. दहापट पातळ केलं की तेही दहापट पातळ होतं आणि अडथळा संपतो. त्यामुळे पहिली पायरी उशिरा आणि दुसरी वेळेवर, आणि दोघींतलं अंतर कमी. उपाय सोपा आहे: पातळ न केलेला सीडीएनए मालिकेत घ्यायचाच नाही, मालिका १:१० पासून सुरू करायची. एक लक्षात ठेवा, तुमचे खरे नमुनेही मग त्याच पातळपणाच्या पल्ल्यात लावायला हवेत. मालिका १:१० पासून आणि नमुने तसेच्या तसे, असं केलं तर काढलेली एफिशियन्सी त्या नमुन्यांना लागूच होत नाही.

खालचं टोक जास्त महत्त्वाचं आहे, आणि मेल्ट कर्व्हमधला तो उंचवटा तिथेच आहे.

सायबर ग्रीनला तुमचं जनुक ओळखता येत नाही. दुपदरी डीएनए दिसला की तो चिकटतो आणि चमकतो, मग तो हवा असलेला तुकडा असो की दोन प्रायमर एकमेकांना धरून तयार झालेला डायमर. यंत्र मोजतं ती दोघांची मिळून चमक. तुमच्या एनटीसीत साचा नाही, तरी ३२.६ ला सिग्नल उंबरठा ओलांडतो, म्हणजे नुसते डायमरच तेवढ्या वेळात तिथे पोचतात. आता १:१०००० च्या पायरीत खऱ्या उत्पादनाचा सीक्यू किती यायला हवा होता? २९.२ मध्ये ३.३ मिळवा, ३२.५. म्हणजे त्या वेलमध्ये खरं उत्पादन ३२.५ ला आणि डायमर ३२.६ ला पोचणार, दोघं जवळजवळ बरोबरीने. दोघांची चमक एकत्र झाली की सिग्नल दुप्पट, आणि दुप्पट म्हणजे एक चक्र आधी. हिशोब केला तर सुमारे ३१.५ येतो, आणि तुम्हाला मिळाला ३१.४. हा मेळ इतका नेमका बसेल अशी अपेक्षा नेहमी धरू नका. साचा असलेल्या वेलमध्ये प्रायमर त्याच्याकडे ओढले जातात आणि डायमर एनटीसीपेक्षा सहसा थोडे कमीच होतात. पण दिशा हीच असते: नमुना जितका पातळ, तितका सीक्यू खोट्याने आधी येतो, शेवटच्या पायरीचं अंतर आखूड होतं आणि एफिशियन्सी फुगते.

आता मेल्ट कर्व्हकडे या. चक्रं संपल्यावर यंत्र प्लेट साठ-पासष्ट अंशांपासून पंच्याण्णवपर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंशाने तापवत नेतं आणि चमक मोजतं. तुकड्याचे दोन पदर सुटले की सायबर सुटतो आणि चमक एकदम पडते. पडद्यावर `-dF/dT` असा आलेख असतो, त्यात ही पडझड शिखर होऊन दिसते. तुकडा लांब आणि जीसी जास्त, तर शिखर उजवीकडे. डायमर आखूड असतो, त्यामुळे तो आधीच वितळतो आणि त्याचं शिखर डावीकडे, बुटकं आणि पसरट येतं. शंभर-सव्वाशे बेसचा तुकडा ८४ ला आणि डायमर ७६ ला, ही तुमची जोडी त्याचा नमुनाच आहे.

पण एका वेलचं शिखर बघून निर्णय करू नका. पाचही पायऱ्या आणि एनटीसी एकाच आलेखावर, एकाच अक्षावर एकमेकांवर ठेवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या वेलप्रमाणे अक्ष आपोआप ताणला जातो, त्यामुळे नुसती एनटीसी उघडली की तिचं शिखर डोंगराएवढं दिसतं आणि माणूस घाबरतो. सगळे एकत्र ठेवल्यावर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, नमुन्यातल्या उंचवट्याचं तापमान एनटीसीतल्या शिखराशी जुळतं का. दुसरी, नमुना पातळ होत जातो तसा तो उंचवटा वाढतो आणि ८४ चं शिखर खचतं का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो डायमर आहे. उंचवटा पाचही पायऱ्यांत ८४ च्या शिखराच्या त्याच प्रमाणात राहत असेल आणि एनटीसीत नसेल, तर तो डायमर नव्हे. मग तुमचा तुकडाच दोन टप्प्यांत वितळत असण्याची शक्यता असते, कारण त्याच्या एका भागात एटी जास्त आणि दुसऱ्या भागात जीसी जास्त असते. `uMelt` नावाच्या ऑनलाइन साधनात तुकड्याचा क्रम टाकला की त्याचा वितळण्याचा आलेख कसा दिसेल ते कळतं. शंका उरली तर अडीच-तीन टक्क्यांच्या ॲगारोज जेलवर त्याच वेलमधलं उत्पादन चालवा. दोन टप्प्यांत वितळणारा तुकडा जेलवर एकच पट्टा देतो. डायमर असेल तर पन्नास बेसच्या आसपास किंवा त्याखाली फिकट, पसरलेला ढग दिसतो.

एनटीसीत सिग्नल आला म्हणजे दूषितपणाच, असंही नाही. पीएचडीच्या काळात याच समजुतीने माझे तीन आठवडे गेले. पाणी बदललं, टिपा बदलल्या, बेंच पुसलं, मास्टरमिक्सची नवी नळी उघडली, आणि एनटीसी पुन्हा ३३ ला वर. मेल्ट कर्व्ह नीट पाहिल्यावर कळलं की एनटीसीचं शिखर उत्पादनाच्या बरंच खाली होतं. तो दूषितपणा नव्हताच, डायमर होते, आणि पाणी कितीही बदललं तरी ते जाणार नव्हते. एनटीसीचं शिखर बरोबर उत्पादनाच्याच तापमानावर आलं, तेव्हा मात्र दूषितपणा समजायचा आणि पाण्यापासून शोध सुरू करायचा. म्हणून एनटीसी किमान तीन वेलमध्ये लावा, आणि प्रत्येकीचं शिखर पाहा.

मेल्ट कर्व्हची एक मर्यादा अनेकांच्या ध्यानात येत नाही. तो चाळिसाव्या चक्रानंतर काढलेला असतो. तुमच्या १:१०० च्या वेलचा सीक्यू २५.९ आहे. त्यानंतर चौदा चक्रं गेली, प्रायमर आणि एन्झाइम काम करतच राहिले, आणि तेवढ्यात थोडे डायमर झाले असतील, तर शेवटी लहान उंचवटा दिसेल. पण तो सीक्यू ठरल्यानंतरचा आहे, तुमचा आकडा त्याने बिघडलेला नाही. उलट शेवटच्या पायरीत सीक्यू आणि चाळिसावं चक्र यांत अंतर कमी, तिथला उंचवटा सीक्यूच्या वेळीही होता असं धरायला हवं. खात्री करायची असेल तर तीच प्लेट पुन्हा लावून चक्रं ३३ वर थांबवा आणि तिथे मेल्ट काढा. एक तासाचं काम आहे, आणि शंका मिटते.

उंचवट्याच्या उंचीबद्दलही सावध राहा. चमक नुसत्या रेणूंच्या संख्येवर ठरत नाही, तुकड्याच्या लांबीबरोबरही वाढते. पन्नास बेसच्या डायमरचं शिखर शंभर बेसच्या उत्पादनाच्या शिखराच्या निम्मं असेल, तर रेणू साधारण सारखेच आहेत. शिवाय तापताना डायमरवरून सुटलेला सायबर अजून न वितळलेल्या लांब तुकड्यावर जाऊन बसू शकतो, त्यामुळे डायमर आहे त्यापेक्षा लहान दिसतो. तुम्ही लिहिलंय "लहान उंचवटा", पण तो लहान मानू नका.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी प्रायमरची तीन-प्राइम टोकं कागदावर एकमेकांसमोर लिहून पाहा. पॉलिमरेज तिथूनच जोडायला लागतं, म्हणून डायमर होतात ते बहुतेक त्या टोकांमुळे. असं काही दिसलं तर:

```
5'-.........CTAGC-3'
            |||||
         3'-GATCG.........-5'
```

फॉरवर्ड प्रायमर CTAGC वर संपतो आणि रिव्हर्स GCTAG वर, पाचही बेस जुळतात, दोन्ही टोकं पुढे वाढायला मोकळी. अशी जोडी तापमान आणि प्रमाण बदलून सुधारण्यात आठवडा घालवू नका. एक प्रायमर दोन-चार बेस सरकवून नवा मागवा. प्लेट, मास्टरमिक्स आणि तुमच्या वेळेपुढे त्याचा खर्च काहीच नाही. जुळणी तीन-चार बेसचीच असेल, किंवा टोकापासून आत असेल, तर मात्र जुन्याच जोडीवर प्रयत्न करण्यात अर्थ आहे. प्रत्येक प्रायमर ४०० नॅनोमोलर वापरत असाल तर २०० वर या. डायमर व्हायला दोन प्रायमर एकमेकांना भेटावे लागतात, त्यामुळे दोन्ही निम्मे केले की त्या भेटी सुमारे चौपट कमी होतात. त्याबरोबर ॲनीलिंगचा ग्रेडियंट ५८ ते ६४ अंशांपर्यंत लावा आणि ज्या तापमानाला नमुन्याचा सीक्यू हलत नाही पण एनटीसी मागे जाते, ते निवडा. मास्टरमिक्स हॉट-स्टार्ट आहे ना, ते डब्यावर वाचून घ्या, आणि प्लेट बर्फावर भरा. भरलेली प्लेट खोलीच्या तापमानाला अर्धा तास पडून राहिली की काही एन्झाइमांना डायमर करायला तेवढा वेळ पुरतो.

चमक डायमर वितळल्यानंतर मोजायची, हीही एक युक्ती आहे: प्रत्येक चक्राला ८० अंशांवर एक पायरी वाढवून तिथे वाचन घ्यायचं. ७६ आणि ८४ मध्ये जागा आहे, म्हणून तुमच्याकडे ती चालेल. पण मी ती शेवटचा पर्याय म्हणून ठेवते, कारण डायमर दिसेनासे झाले तरी होतच राहतात आणि प्रायमर खातच राहतात.

मग मालिका पुन्हा लावा, पण दहापटीची नको. १:१० पासून चौपट-चौपट: १:१०, १:४०, १:१६०, १:६४०, १:२५६०. प्रत्येक पायरीत तीन वेल, अपेक्षित अंतर बरोबर दोन चक्रं, त्यामुळे नुसत्या नजरेला बिघाड दिसतो. पल्ला अडीचशेपटीचा होतो आणि दुरुस्तीने एनटीसी पुरेशी मागे गेली असेल तर डायमरच्या हद्दीत पाय पडत नाही. १५ मायक्रोलिटर नमुना ४५ मायक्रोलिटर पाण्यात, प्रत्येक पायरीला नवी टिप, व्होर्टेक्स, हलकं स्पिन, मगच पुढची पायरी. एक-दोन मायक्रोलिटर उचलून पातळ करण्याच्या भानगडीत पडू नका. टिपेच्या बाहेरून किती चिकटून येतं याचा तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगते: दहापटीच्या मालिकेत ५ मायक्रोलिटर ४५ मध्ये घालताना दर वेळी ५.६ गेले, तर खरं पातळ होणं नऊपटच होतं, आणि निर्दोष प्रायमरही १०७ टक्के दाखवतो. म्हणून टिप द्रवात खोल बुडवू नका, वरच्या थरातून उचला.

समजा नव्या मालिकेत २२.६, २४.७, २६.७, २८.८, ३०.९ असं काही आलं. फरक २.१, २.०, २.१, २.१, कुठेही टोक तुटलेलं नाही. A स्तंभात आता पातळपणाचे लॉग −१, −१.६०, −२.२०, −२.८१, −३.४१ असे घाला. स्लोप −३.४४, एफिशियन्सी ९५ टक्के. असा आकडा मी निःशंक वापरीन. अभिव्यक्ती किती पट वाढली ते काढायच्या फ्फाफ्लच्या २००१ च्या सूत्रात मग १.९५ घाला, आणि संदर्भ जनुकाच्या प्रायमरची एफिशियन्सीही अशीच स्वतंत्र काढून घाला. तुमचा २.१८ घातला असता तर पाच चक्रांच्या फरकाला उत्तर ४९ पट आलं असतं. १.९५ घेतल्यावर ते २८ पट येतं. क्यूपीसीआरचे प्रयोग कसे नोंदवायचे ते सांगणाऱ्या २००९ च्या MIQE मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे प्रबंधात एफिशियन्सीबरोबर स्लोप, आर-स्क्वेअर, मालिकेचा पल्ला आणि एनटीसीचा सीक्यूही लिहा.

शेवटचं, खऱ्या नमुन्यांबद्दल. एनटीसी तुमच्या सगळ्यात कमकुवत नमुन्यापेक्षा किमान पाच चक्रं मागे असावी. पाच चक्रं म्हणजे डायमरचा वाटा बत्तिसावा भाग, तीन टक्के, तेवढं चालतं. आत्ताच्या प्रायमरांना, एनटीसी ३२.६ असताना, ही हद्द २७.६ ला येते. पाणी दिलेल्या झाडांत हे जनुक कमीच असणार, आणि त्यांचे सीक्यू नेमके ३०-३२ मध्ये पडण्याची शक्यता आहे. समजा त्यांचा खरा सीक्यू ३२.५ आणि ताणातल्या झाडांचा २७.५, तर संदर्भ जनुक दोन्हीकडे सारखं धरल्यास वाढ ३२ पट. डायमरमुळे पाणी दिलेल्या झाडांचा सीक्यू ३१.४ वाचला गेला की तीच वाढ १५ पट दिसते, आणि वाईट हे की सगळ्या प्रतींत सारखीच दिसते, त्यामुळे त्रुटीच्या दांड्याही लहानच राहतात. म्हणून नमुन्यांच्या प्लेटवर पहिल्यांदा पाणी दिलेल्या झाडांच्या वेलचे मेल्ट कर्व्ह एनटीसीवर ठेवून बघा, सीक्यू त्यानंतर उघडा.